पान उलटून बघता का, भाऊ?

कपाशीचं पान लाल पडलं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याला 'लाल्या' म्हणतात. फोनवर सांगायला हा शब्द फार सोपा आहे. "पऱ्हाटीवर लाल्या आला जी, काय मारू?" एवढ्या एका वाक्यात शेतकऱ्याचं म्हणणं संपतं. ऐकणाऱ्याचं काम मात्र तिथून सुरू होतं, कारण पान लाल होण्याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या काही कामाचे नाहीत.

पहिलं कारण म्हणजे खरा लाल्या. हा रोग नाही, झाडाची उपासमार आहे. बोंडं भरायला लागली की झाड पानांतलं नत्र आणि मॅग्नेशियम ओढून बोंडांकडे पाठवतं. जमिनीतून तेवढा पुरवठा होत नसेल, त्यात ओल कमी पडली किंवा पाणी साचलं आणि रात्री गार व्हायला लागल्या, तर पानातलं हिरवं द्रव्य मोडतं आणि लाल रंग वर येतो. हे खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होतं. आधी पान पिवळसर होतं, मग लाल, आणि शिरा बराच वेळ हिरव्या राहतात.

दुसरं कारण तुडतुडे. हे फिकट हिरवे बारीक किडे पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतात. पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग लाल होतात आणि पान खालच्या बाजूला वळतं. बांधावरून बघणाऱ्याला दोन्ही शेतं सारखीच लाल दिसतात.

पहिल्याला खत लागतं: मॅग्नेशियम सल्फेट, दोन टक्के युरिया किंवा डीएपीची फवारणी. दुसऱ्याला, किडे खरंच जास्त असतील तर, कीटकनाशक. लाल्यावर कीटकनाशक मारलं तर पैसे जातात, मित्रकिडी मरतात आणि पान लालच राहतं. तुडतुड्यांना युरिया दिला तर झाड आणखी लुसलुशीत होतं आणि किड्यांची चंगळ होते.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. गेली तीन वर्षं आमची टीम शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणाऱ्या एका सेवेसाठी सिस्टिम बनवते आहे. फोन उचलतात ते कृषी पदवीधर. विदर्भातल्या फोनसाठी मुद्दाम विदर्भातली मुलंमुली घेतली आहेत, कारण 'पऱ्हाटी' म्हणजे कपाशी आणि 'धुरा' म्हणजे बांध हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. फोन आला की त्यांच्यासमोर जी स्क्रीन उघडते, ती आमची. तिच्यावर पुढचा प्रश्न येतो किंवा सल्ला येतो. त्यामुळे तीन वर्षं मी मुख्यतः एकाच गोष्टीवर डोकं लावलं आहे: कधी विचारायचं आणि कधी सांगून मोकळं व्हायचं.

सुरुवातीला स्क्रीनवर पिकाच्या कुठल्याही तक्रारीसाठी अकरा प्रश्न होते. वाण कोणता, पेरणी कधी, जमीन हलकी की भारी, माती तपासली का, आधी काय फवारलं वगैरे. ज्यांनी ते लिहिले त्यांचा हेतू चांगला होता, कारण माहिती जितकी जास्त तितका सल्ला पक्का असं कुणालाही वाटतं. रेकॉर्डिंग ऐकायला बसलो तेव्हा चौथ्या-पाचव्या प्रश्नाला लोक वैतागताना ऐकू येत होते. "मॅडम, इचारता किती? सांगा ना काय मारू थे." आणि फोन कट. तो माणूस तिथून उठून कृषी केंद्रात जाणार, आणि दुकानदार एकही प्रश्न न विचारता बाटली काढून देणार.

म्हणजे प्रश्न फुकट नसतो. त्याची किंमत असते, आणि ती समोरचा भरतो: वेळ, धीर, कधी शेतापर्यंतची परत एक फेरी. अंदाजाचीही किंमत असते, पण ती अंदाज चुकला तरच द्यावी लागते. या दोन किमती एका तराजूत घातल्या की निम्मं भांडण मिटतं. आम्ही तो तराजू एका ओळीत लिहिला:

```
ask if  p_wrong * cost_wrong * p_caught > cost_ask
```

मराठीत सांगायचं तर: अंदाज चुकण्याची शक्यता, गुणिले चुकला तर होणारं नुकसान, गुणिले या प्रश्नानं ती चूक पकडली जाण्याची शक्यता. हा गुणाकार प्रश्नाच्या किमतीपेक्षा मोठा असेल तर विचारा. लहान असेल तर आपला सगळ्यात चांगला अंदाज सांगा आणि पुढे चला.

यात लोक पहिल्याच आकड्याशी अडकतात. "मला खात्री नाही, म्हणून विचारतो" हे ऐकायला प्रामाणिक वाटतं. पण खात्री नसणं हे तीनपैकी एकच माप आहे. बाकीची दोन बदलली तर तीच अनिश्चितता उलटा निर्णय देऊ शकते. हे लाल्याच्याच उदाहरणात दिसतं. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून मी घेतले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरा. कळंब तालुक्यातून फोन आला, दोन एकर कपाशी, पानं लाल, बोंडं भरतायत. मोसमावरून आपला अंदाज असा की दहात सात वेळा हा खरा लाल्या असेल आणि तीन वेळा तुडतुडे. आपण लाल्या धरून सल्ला दिला आणि निघाले तुडतुडे, तर खत-फवारणीचा खर्च वाया आणि आठवडाभर किडे रस शोषत राहणार. हे सगळं मिळून तीन हजार रुपयांचं नुकसान धरू. तीन हजारांचा तीन दशांश, म्हणजे नऊशे. "पान उलटून बघा" हा प्रश्न दहातल्या आठ चुका पकडतो असं धरलं तर सातशे वीस. आता प्रश्नाची किंमत. माणूस शेतातच उभा असेल तर दोन मिनिटं. रात्री नऊला घरून बोलत असेल तर उद्या सकाळी परत फोन, एका दिवसाचा उशीर, आणि तो परत फोन करणारच नाही ही भीती. सगळं मिळून दीडशे धरा. तरीही सातशे वीस मोठे. विचारायचं.

आता तोच फोन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला असं समजा. अनिश्चितता तेवढीच ठेवू, सात आणि तीन. पण आता शेवटची वेचणी उरली आहे. पान लाल्यानं लाल असो की तुडतुड्यांनी, या टप्प्यावर फवारणीचा खर्च निघत नाही. दोन्हीला सल्ला एकच: काही मारू नका, वेचून घ्या आणि पीक काढून टाका, फरदड ठेवू नका. फरदड ठेवली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. म्हणजे निदान चुकलं तरी सल्ला चुकत नाही. नुकसान शून्य, गुणाकार शून्य. इथे पान उलटायला लावणं म्हणजे आपल्या समाधानासाठी दुसऱ्याला शेतात पाठवणं.

ही गोष्ट आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली. अकरा प्रश्न आम्ही एकेक करून तपासले. प्रत्येक प्रश्नाखाली त्याची संभाव्य उत्तरं लिहायची आणि प्रत्येक उत्तरापुढे आपण देणार तो सल्ला लिहायचा. सल्ले सारखेच आले तर प्रश्न उडवायचा. पान लाल पडल्याच्या तक्रारीत 'वाण कोणता' उडाला, कारण कुठलाही वाण सांगितला तरी पुढची ओळ बदलत नव्हती. 'माती तपासली का' उडाला, कारण उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' आणि पुढचा सल्ला तोच. शेवटी लाल पानासाठी तीन प्रश्न उरले: बोंडं किती भरली, लाली खालच्या पानांत आहे की वरच्याही, आणि पानाच्या मागे काय दिसतं.

तिसरा प्रश्न कसा विचारायचा यावर आमच्यात बराच वाद झाला, आणि त्यातून मला कळलं की सूत्रातलं `p_caught` हे माप सगळं शब्दांवर अवलंबून असतं. आधी स्क्रीनवर होतं, "तुडतुडे आहेत का?" याला बहुतेक उत्तर यायचं, "हो, असतील ना." शेतकरी खोटं बोलत नसतो. आपण शिकलेले, आपण नाव घेतलं म्हणजे तसंच काहीतरी असेल, असं त्याला वाटतं. शिवाय आपण त्याच्याकडून निदान मागत होतो, जे करण्यासाठीच त्यानं आपल्याला फोन केला होता. अशा प्रश्नाला उत्तर मिळतं पण चूक पकडली जात नाही. प्रश्नाची किंमत मोजली आणि हाती काही आलं नाही.

आमच्यातली एक कृषी पदवीधर, दारव्ह्याकडची, हा प्रश्न वेगळा विचारायची. तिचा मी शब्दशः स्क्रीनवर घेतला. "भाऊ, झाडाच्या वरचं, मधलं आणि खालचं असं एकेक पान उलटून बघता का? बारीक हिरवट किडे तिरके पळताना दिसतात का? एका पानावर किती?" यात कुठलंही नाव नाही. डोळ्यांना दिसेल तेवढंच विचारलं आहे. तुडतुड्यांची पिल्लं खरंच तिरकी चालतात, खेकड्यासारखी, आणि एकदा बघितलेला माणूस ते विसरत नाही. आकडाही कामाचा आहे. पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे ही फवारणीची पातळी मानतात. त्याखाली किडे असले तरी थांबायचं. दहा-बारा झाडं अशी बघितली की शेताचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

माझे बाबा शेती करतात, सहा एकर, कपाशी आणि तूर. ते आमच्या सेवेला फोन करत नाहीत, मला करतात. एकदा म्हणाले, "पऱ्हाटी लाल झाली, केंद्रवाल्यानं औषध दिलं, मारू का?" मी म्हटलं, "बाबा, त्यानं काय विचारलं?" ते म्हणाले, "इचारते काय? गर्दी होती. पान दाखवलं, त्यानं बाटली देल्ली."

मला यात दुकानदाराचा राग येत नाही, पण त्याचा हिशेब दिसतो. दुकानात रांग आहे, म्हणजे प्रत्येक प्रश्नाची किंमत तो स्वतः भरतो. अंदाज चुकला तर ती किंमत बाबा भरतात, आठ दिवसांनी, शेतात, दुकानापासून लांब. बाटली विकल्याचा फायदाही त्याचाच. या मांडणीत कितीही भला माणूस बसवला तरी तो कमीच विचारणार. सूत्र दोघांकडे एकच आहे, फक्त त्याच्या बाजूनं `cost_wrong` जवळजवळ शून्य दिसतो.

हे फक्त दुकानात होतं असं नाही. आमच्याकडे फोन उचलणाऱ्यांचा महिन्याचा अहवाल निघायचा, त्यात एक रकाना होता: सरासरी कॉल किती मिनिटांचा. सल्ला बरोबर निघाला का, याचा रकाना नव्हता, कारण ते कळायला दोन आठवडे लागतात आणि कुणीतरी परत फोन करावा लागतो. म्हणजे प्रश्नाची किंमत मिनिटाला मोजली जात होती आणि चुकीची किंमत कुठेच उमटत नव्हती. लोक हळूहळू कमी विचारायला लागले, कुणी सांगितलं नसताना. आम्ही अखेर दर आठवड्याला काही जुन्या कॉलना परत फोन लावायची सोय केली. "मागे आम्ही सांगितलं होतं, पुढे काय झालं?" तो दुसरा रकाना तयार झाल्यावर स्क्रीनवर कुठला प्रश्न ठेवायचा यावरचे वाद आमच्या मतांवर न होता उत्तरांवर व्हायला लागले.

लाल्यात चूक महाग असली तरी ती निस्तरता येते. आठवडा जातो, पैसे जातात, पीक उभं असतं. काही चुकांना मात्र परतीची वाट नसते, आणि तिथे सूत्र फार कडक होतं. तणनाशक हे त्याचं उदाहरण.

"सोयाबीनमध्ये तण झालं, काय मारू?" यात पिकाचं नाव आलेलं आहे, म्हणून ऐकणाऱ्याला सगळं कळल्यासारखं वाटतं. सोयाबीनमध्ये उगवलेल्या तणावर इमॅझेथापायर हे नेहमीचं औषध. दहात नऊ वेळा हे सांगितलं तर बिघडत नाही. पण आमच्याकडे शेतात एकच पीक क्वचित असतं. सोयाबीनच्या पट्ट्याला लागून कपाशी असते, आणि हे औषध कपाशीला सोसत नाही. बरं, तण फक्त गवतवर्गीय असेल तर क्विझॅलोफॉप चालतं, ते सोयाबीन, कपाशी आणि तूर तिघांनाही सोडून गवत मारतं. पण धुऱ्याला ज्वारीच्या दोन ओळी असतील तर? ज्वारीही गवताच्याच कुळातली.

इथे चुकण्याची शक्यता लाल्यापेक्षा कमी आहे, दहात एक. पण चुकलं तर तासा-दोन तासांत फवारलेलं पीक त्या हंगामापुरतं गेलं. दुबार पेरणीची वेळही बहुधा टळलेली असते. समजा नुकसान तीस हजार. दहावा हिस्सा तीन हजार. त्यापुढे "पट्ट्यात आणि धुऱ्याला आणखी काय पेरलंय, भाऊ?" या अर्ध्या मिनिटाच्या प्रश्नाची किंमत काहीच नाही. लाल्याच्या वेळी आपण कमी खात्रीवर विचारत होतो, इथे जास्त खात्री असूनही विचारायचं आहे. म्हणून तणनाशकाच्या स्क्रीनवर आम्ही एक अपवाद केला. बाकी सगळीकडे फोन उचलणारा प्रश्न ओलांडून पुढे जाऊ शकतो, इथे ते बटणच नाही.

त्याच्याच खाली दुसरा प्रश्न आहे, तोही ओलांडता येत नाही. कपाशीवर काहीही फवारायचं असेल तर: "हा पंप आधी कशाला वापरला होता?" टू-फोर-डी हे तणनाशक ज्वारीत, उसात, पडीक धुऱ्यावर मारतात. कपाशी त्याला इतकी नाजूक आहे की नीट न धुतलेल्या पंपात राहिलेल्या अंशानंही पानं चिरल्यासारखी अरुंद होतात, भेंडीच्या पानासारखी, आणि वाढ थांबते. पंप बऱ्याचदा शेजाऱ्याचा असतो, मजुराचा असतो. हा प्रश्न शेतकऱ्याला सुचत नाही, कारण त्याची तक्रार पंपाबद्दल नसतेच. चांगला प्रश्न कधीकधी समोरच्याच्या वाक्यात नसलेल्या गोष्टीबद्दल असतो. ती गोष्ट ओळखायला पिकाची माहिती लागते, नुसतं सूत्र पुरत नाही.

इथपर्यंत सगळी उदाहरणं एकाच बाजूला झुकली: नुकसान मोठं, म्हणून विचारा. पण मोठं नुकसान म्हणजे विचारायचंच, असा नियम करून टाकला तर तो एका जागी माणूस मारतो.

२०१७च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात होते. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, आणि रोज रात्री फोन करून बाबांना विचारायचे की आज फवारलं का. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, दमट उकाडा होता, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. उंच झाडांत फवारा अंगावर, नाकातोंडात येत होता. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायफेनथियुरॉन ही नावं आमच्या भागात तेव्हा लोकांच्या तोंडी झाली.

अशा वेळी फोन आला, "फवारत होता, चक्कर आली, उलट्या करून राहिला." इथे अनिश्चितता भरपूर आहे. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्याला ऊन लागूनही घाम, चक्कर, उलटी होते. कोणतं औषध होतं, किती वेळ फवारलं, जेवला होता का, असे दहा प्रश्न मनात येतात. सूत्र घातलं तर डाव्या बाजूला प्रचंड आकडा येतो, कारण जीवच आहे. पण उजव्या बाजूलाही तोच जीव आहे. विष अंगावरच्या कपड्यांतून आत जातच असतं, प्रत्येक मिनिट ही प्रश्नाची किंमत असते.

मग दोन्ही अंदाजांच्या चुका समोरासमोर ठेवायच्या. विषबाधा धरली आणि निघालं ऊन, तर एक आंघोळ आणि दवाखान्याची एक फेरी जास्त झाली. ऊन धरलं आणि निघाली विषबाधा, तर सावलीत बसवलेला माणूस संध्याकाळपर्यंत हातचा जाऊ शकतो. दहात दोनच वेळा विषबाधा असली तरी विषबाधाच धरायची. म्हणून त्या स्क्रीनवर फक्त एक प्रश्न आधी येतो, "कुठे आहात?", कारण त्याशिवाय १०८ची गाडी पोचत नाही. बाकी सगळ्या सूचना आहेत. शेताबाहेर आणा. कपडे काढा, काढणाऱ्यानं हात झाकून घ्यावेत. साबण-पाण्यानं अंग आणि केस धुवा. कुशीवर झोपवा. तोंडातून काही देऊ नका, उलटी करवू नका. या सूचना मुद्दाम अशा निवडल्या आहेत की तो शुद्धीवर असो की नसो, ऊन असो की विष, कुणाचंही त्यात वाईट होत नाही. दोन्ही शक्यतांत चालणारी कृती हाताशी असली की प्रश्नाची गरजच उरत नाही.

औषधाचं नाव नंतर विचारतो, तेही बोलून नाही: "बाटली सोबत न्या." प्रश्न मागे ठेवला, टाकून दिला नाही. डॉक्टरांना ते नाव लागतं. प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस एका गटातली, त्यांना अॅट्रोपीन चालतं. डायफेनथियुरॉन त्या गटातलं नाही, त्याला नेमका उतारा नाही, श्वास आणि रक्तदाब सांभाळत राहावं लागतं.

पण डॉक्टरही बाटलीची वाट बघत थांबत नाहीत, आणि ते कसं काम करतात हे समजून घेताना मला माझ्या सूत्राची मर्यादा कळली. तोंडाला लाळ, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, नाडी मंद अशी लक्षणं दिसली की पहिल्या गटातलं विष धरून अॅट्रोपीन सुरू करतात. साधारण पाच मिनिटांनी बघतात: छाती मोकळी झाली का, नाडी वाढली का? नसेल तर मात्रा दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं. विष नसलेल्या माणसाला थोड्याशा अॅट्रोपीननं तोंड कोरडं पडतं, नाडी धावते, बाहुल्या मोठ्या होतात. विष असलेल्याला तेवढ्यानं काहीच होत नाही. म्हणजे पहिली मात्रा हा उपचार असतो आणि तोच प्रश्नही असतो, फक्त तो माणसाला न विचारता शरीराला विचारलेला असतो. मात्रा जास्त झाली तर ताप चढतो, रुग्ण बरळायला लागतो, म्हणून तेही मोजत राहतात.

आमच्या सूत्रात अंदाज आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एक निवडायची आणि दुसरी सोडायची. खरं तर अंदाज लहान असेल, मागे घेता येण्यासारखा असेल आणि त्याचा परिणाम लवकर दिसणार असेल, तर तोच सगळ्यात स्वस्त प्रश्न असतो. लाल पानाच्या स्क्रीनवर आता तिसरा रस्ता आहे. माणूस शेतात नसेल आणि परत फोन करण्याची खात्री नसेल, तर सांगतो की आधी दोन तासांचीच, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींचीच, खत-फवारणी करा आणि आठ दिवसांनी नवी पानं बघा. जुनं लाल पान हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघून फसू नका. तणनाशकाला हा रस्ता चालत नाही, कारण आठ दिवसांत तण हाताबाहेर जातं. तिथे विचारावंच लागतं.

बाबांनी त्या दिवशी बाटली उघडली नव्हती. मी त्यांना पान उलटायला सांगितलं. ते म्हणाले, "आता अंधार पडला, सकाळी पाहतो." मी थांबले. त्या रात्री थांबण्याची किंमत फार नव्हती. सकाळी साडेसहाला फोन आला: वरची पानं चांगली, खालची लाल, मागे किडे एखाद-दुसऱ्या पानावर. बाटली त्यांनी परत करायला नेली. केंद्रवाल्यानं घेतली नाही, बदल्यात युरियाही दिला नाही. चारशे वीस रुपयांची ती बाटली अजून गोठ्यातल्या फळीवर आहे, वरच्या बाजूला, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी.